सहीआधी बोनसचा हिशेब कर

अरे, ती वीस वर्षांची एन्डोमेंट पॉलिसी घेऊ का, असं तू विचारलंस. सही करायच्या आधी वही-पेन घेऊन बस. तुला दाखवलेले आकडे असे आहेत: वर्षाला ५० हजार हप्ता, विमा रक्कम १० लाख आणि बोनस हजारी ४४ रुपये.

हजारी ४४ म्हणजे विमा रकमेतल्या दर हजारामागे ४४, म्हणजे १० लाखांवर वर्षाला ४४ हजार. ५० हजार भरायचे आणि ४४ हजार बोनस, हे ऐकायला फार छान वाटतं. पण तो बोनस तुझ्या हातात पडत नाही, नुसता तुझ्या नावे जमा होतो. त्याच्यावर व्याजही चढत नाही. पहिल्या वर्षीचे ४४ हजार विसाव्या वर्षीही ४४ हजारच असतात. सगळी गोम इथेच आहे, आणि ती तुला कोणी उलगडून सांगणार नाही म्हणून मी सांगतेय.

आता बेरीज कर. वीस वर्षांचा बोनस ८ लाख ८० हजार आणि विमा रक्कम १० लाख, मिळून १८ लाख ८० हजार. शेवटी अंतिम बोनस मिळाला तर थोडी भर पडेल, मधे हजारी दर उतरला तर घटही होईल. तू भरलेस १० लाख. पैसे जवळजवळ दुप्पट झाले खरे, पण वर्षाचा दर काढला तर तो पावणेसहा टक्क्यांच्याही आतच येतो. हेच ५० हजार दरवर्षी पीपीएफमध्ये टाकलेस आणि ७.१ टक्के दर टिकला, तर वीस वर्षांनी २२ लाखांच्या आसपास होतात.

मला जास्त काळजी आहे ती विम्याची. तुझा घरखर्च महिन्याला ४५ हजार आणि घराचं कर्ज ३० लाख. उद्या तुला काही झालं तर १० लाख तुझ्या बायको-मुलीला दोन वर्षंही पुरणार नाहीत, कर्जाचं तर नावच काढू नकोस. विमा घ्यायचा तो याच दिवसासाठी ना?

म्हणून दोन्ही कामं वेगळी कर. एक कोटीचा टर्म विमा साठाव्या वर्षापर्यंतचा घे. तुझ्या तिशीत, तंबाखू-सिगारेट नसताना, हप्ता साधारण १२ हजार धर. नेमका दर दोन-तीन कंपन्यांकडून काढून घे. मुदत संपेपर्यंत जगलास तर यातलं काही परत मिळत नाही, आणि हप्ता परत देणारा प्रकार महाग पडतो म्हणून तो घेऊ नकोस. उरलेले ३८ हजार दरवर्षी म्युच्युअल फंडात घाल. वीस वर्षांत सरासरी ८ टक्के मिळाले तरी १८ लाख ८० हजारांच्या जवळ जातोस, म्हणजे एन्डोमेंटइतकेच, वर विमा दहापट. १० टक्के मिळाले तर २४ लाखांच्या आसपास, सहाच मिळाले तर १५ लाखांच्या आत. फंडाची हमी नसते, हे पक्कं ध्यानात ठेव. एन्डोमेंटचे पैसे सध्याच्या नियमांत बहुधा करमुक्त येतात, इक्विटी फंडातल्या नफ्यावर मात्र सव्वा लाखापुढे साडेबारा टक्के कर लागतो. बाजार पडला की घाबरून एसआयपी बंद करणाऱ्याला एन्डोमेंटची सक्तीच बरी, असंही मी म्हणेन. पण तू घराचा हप्ता एकदाही चुकवला नाहीस, तुला त्या सक्तीची गरज नाही.

युलिपचंही कोणी सांगेल. त्यात पैसा बाजारातच जातो, पण पाच वर्षं काढता येत नाही. विम्याचा खर्च आणि इतर काही आकार दर महिन्याला तुझी युनिटं रद्द करून वसूल होतात. त्यामुळे एनएव्ही वाढलेली दिसते आणि युनिटं मात्र कमी होत जातात. स्टेटमेंट आलं की युनिटांचा आकडा आधी बघ. घेण्याआधी बेनिफिट इलस्ट्रेशन मागून घे. त्यात ४ आणि ८ टक्क्यांनी वाढ धरून आकडे असतात. ८ टक्क्यांत खर्च वजा जाता तुझ्या वाट्याला किती टक्के उरतात, ते त्यातच लिहिलेलं असतं.

टर्मचा अर्ज स्वतः भर, एजंटला भरू देऊ नकोस. बीपीची गोळी, घरातला मधुमेह, आधीच्या पॉलिसी, कधीमधीची सिगारेट, विचारलेलं सगळं लिही. पहिल्या तीन वर्षांत चुकीच्या माहितीवरून कंपनी दावा नाकारू शकते, आणि तेव्हा भांडायला तू नसशील, तुझी बायको असेल. पॉलिसी हातात आली की अर्जाची प्रत वाचून बघ. काही चुकलं असेल, पटलं नसेल, तर मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. आणि कागद कुठे ठेवलेत ते बायकोला त्याच दिवशी दाखव.