दूध तापवल्यावरच का नासतं?

परवा रूमवर रात्री चहासाठी दूध तापत ठेवलं आणि ते नासलं. थंड असताना तर चांगलं दिसत होतं! मग जरा वाचून काढलं.

ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.६ असतो. त्यातले केसीन या प्रोटीनचे कण ऋण भारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. दूध बाहेर राहिलं की बॅक्टेरिया लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल करतात आणि हा भार कमी होतो. न तापवलेलं दूध पीएच ४.६ च्या आसपास घट्ट होतं. पण उकळताना कण जोरात आदळून चिकटतात, म्हणून ६ च्या जवळपासच गुठळ्या होतात. म्हणजे आंबटपणा आधीचाच, उष्णता तो फक्त उघड करते.

म्हणून दूध आणल्याबरोबर तापवा, कालच्या दुधात ओतू नका. शंका असेल तर आधी चमचाभर तापवून बघा. नासलं, तर निदान चहापत्ती आणि साखर वाचेल!