सारांश कसा तपासावा?

परीक्षेत प्रश्न ठरलेला असतो : ‘पुढील उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहा.’ आपण तो लिहितो, गुण मिळतात, आणि ते सात का किंवा तीन का, याचा उलगडा बहुधा होत नाही. यंदा ट्यूटोरियलच्या तासाला आमच्या सरांनी वेगळाच प्रकार केला. सर्वांकडून एका उताऱ्याचा सारांश लिहून घेतला, नावे झाकली आणि कागद आपापसांत बदलून आम्हालाच तपासायला लावले. त्या तासाला जे समजले ते येथे मांडतो.

उतारा ८१ शब्दांचा होता :

‘आठवडे बाजार म्हणजे केवळ खरेदी-विक्रीची जागा, असे पुष्कळांना वाटते. परंतु खेड्यातल्या माणसाला बाजार हे बातम्या कळण्याचे, सोयरिकी जुळण्याचे आणि उसनवारी मिटवण्याचेही ठिकाण असते. मीठ-मिरची घ्यायला आलेला शेतकरी जाताना पाव्हण्यांची खुशाली, बैलांचे भाव आणि पावसाचा अंदाज घेऊन जातो. आता रस्ते झाले, गावोगावी दुकाने निघाली, आणि मीठ-मिरचीसाठी बाजाराला जाण्याची गरज उरली नाही. त्यामुळे काही ठिकाणी बाजार ओसरू लागले आहेत. दुकानाने वस्तूंची गरज भागते. माणसांच्या भेटीची गरज मात्र दुकान भागवू शकत नाही. म्हणून बाजार मोडला तर होणारे खेड्याचे नुकसान केवळ पैशात मोजता येणार नाही.’

सारांश सुमारे २७ शब्दांत हवा होता. दहा गुणांची वाटणी सरांनी फळ्यावर लिहिली : मुख्य विचार ४, आटोपशीरपणा २, स्वतःची भाषा २ आणि मुळाशी इमान २.

तपासण्यापूर्वी सरांनी एक अट घातली. एकही कागद वाचायचा नाही. आधी उताऱ्यातले मुद्दे काढायचे. चर्चेअंती चार मुद्दे ठरले. एक, बाजार हा खरेदीबरोबरच माणसांच्या संबंधांचेही ठिकाण आहे. दोन, रस्ते व दुकाने यांमुळे काही ठिकाणचे बाजार ओसरत आहेत. तीन, भेटीगाठींची गरज दुकान भागवू शकत नाही. चार, बाजार मोडला तर नुकसान पैशापलीकडचे होईल. मीठ-मिरची घ्यायला आलेला शेतकरी हे पहिल्या मुद्द्याचे उदाहरण, तो गाळायचा. मुद्दे आधी का काढायचे, हे नंतर ध्यानात आले. पहिलाच कागद छान भाषेत लिहिलेला असला, की त्यात जे आहे तेच उताऱ्यातही आहे असे वाटू लागते आणि पुढचे कागद उताऱ्याऐवजी त्या कागदाशी ताडले जातात.

आता तीन कागद पाहू. पहिला असा :

‘आठवडे बाजार म्हणजे केवळ खरेदी-विक्रीची जागा नसून ते बातम्या कळण्याचे, सोयरिकी जुळण्याचे आणि उसनवारी मिटवण्याचेही ठिकाण असते. शेतकरी जाताना पाव्हण्यांची खुशाली, बैलांचे भाव आणि पावसाचा अंदाज घेऊन जातो. काही ठिकाणी बाजार ओसरू लागले आहेत.’

यात खोटे काहीच नाही, म्हणून इमानाचे दोन्ही गुण द्यावे लागले. पण पहिला मुद्दा पूर्ण आणि दुसरा अर्धा (कारण गळले आहे), एवढेच हाती लागते; मुख्य विचाराला दीड. शब्द ३४ झाले, आणि गाळायचे उदाहरण ठेवले; आटोपशीरपणाला एक. भाषा मात्र सगळी उताऱ्याचीच. एकूण साडेचार.

दुसरा कागद :

‘बाजार खेड्याचा प्राण आहे. रस्ते आणि दुकाने यांमुळे सगळीकडचे बाजार बंद पडत असून माणसे एकमेकांपासून तुटली आहेत. सरकारने बाजार वाचवलेच पाहिजेत. दुकान त्यांची जागा घेऊ शकत नाही.’

शब्द बरोबर २७. भाषा स्वतःची, वाक्ये ठसठशीत. तपासणाऱ्या मित्राने रस्ते-दुकानांचा एक आणि शेवटच्या वाक्याचा एक असे मुख्य विचाराला दोन गुण दिले. आटोपशीरपणाला दोन, भाषेला दोन. सरकारचे नाव उताऱ्यात कुठेच नव्हते म्हणून इमानाला शून्य. बेरीज सहा.

येथेच वर्गात वाद झाला. उताऱ्याशी प्रामाणिक राहिलेल्या कागदाला साडेचार आणि उताऱ्यात नसलेले सांगणाऱ्या कागदाला सहा! बेरीज तर चुकलेली नव्हती.

सर म्हणाले, “बेरीज बरोबर आहे, क्रम चुकला. इमान शेवटी तपासलंत. ते आधी तपासा.”

मग दुसरा कागद पुन्हा घेतला आणि त्याचे प्रत्येक विधान उताऱ्यासमोर धरले. ‘खेड्याचा प्राण’ असे लेखक म्हणत नाही. बाजारात काय काय घडते तेवढे तो सांगतो. ‘काही ठिकाणी’चे येथे ‘सगळीकडचे’ झाले आणि ‘ओसरू लागले’चे ‘बंद पडत’ झाले. ‘माणसे तुटली आहेत’ हे घडून गेल्यासारखे सांगितले. लेखक मात्र ‘बाजार मोडला तर’ असे म्हणतो. सरकारचे वाक्य तर लिहिणाऱ्याचे स्वतःचे मत. उरले फक्त शेवटचे वाक्य.

म्हणजे मुख्य विचाराचा एकच मुद्दा खरा आला, गुण एक. चुकीने आलेला मुद्दा हा आलेला मुद्दा नव्हेच. आटोपशीरपणा पाहिला तर २७ पैकी १२ शब्द उताऱ्यात नसलेल्या गोष्टींवर खर्ची पडले होते, गुण एक. स्वतःच्या भाषेचे गुणही उताऱ्यातला विचार पोचवणाऱ्या वाक्यालाच द्यायचे, कारण दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडण्याचे ते गुण आहेत, आपला विचार मांडण्याचे नव्हेत, म्हणून अर्धा. इमान शून्य. एकूण अडीच.

एका मैत्रिणीने हरकत घेतली : एकाच चुकीला मुख्य विचारातही आणि इमानातही गुण कापणे हा अन्याय नव्हे काय? हरकत योग्य होती. पहिल्या कागदात दोन मुद्दे राहिले होते, त्यांचे गुण आम्ही फक्त मुख्य विचारात कापले, इमानात कापले नव्हते. मग दुसऱ्याला दुहेरी दंड का? सरांचे उत्तर असे : मुद्दा राहिला तर वाचणाऱ्याला कमी कळते; मुद्दा बदलला तर त्याला चुकीचे कळते आणि ते चुकीचे आहे हेही त्याला समजत नाही. दोन्ही दोष सारखे नाहीत. म्हणून गळलेल्याचा दंड एकदा, बदललेल्याचा दोनदा.

तिसरा कागद :

‘खेड्यातला बाजार खरेदीबरोबरच माणसांचे संबंध राखतो. दळणवळण व दुकाने वाढल्याने काही बाजार रोडावत आहेत. परंतु दुकानांत हा सहवास मिळत नाही. त्यामुळे बाजार बंद झाल्यास होणारी हानी आर्थिक हिशेबापलीकडची असेल.’

चारही मुद्दे आले. ‘संबंध’ या शब्दात सोयरिकी आणि उसनवारी मावतात, ‘बातम्या’ मात्र नीट मावत नाहीत, म्हणून अर्धा गुण कमी. मुख्य विचाराला साडेतीन. ‘बाजार’, ‘दुकाने’ हे शब्द मुळातलेच आहेत, पण विषयाचे नाव बदलण्याचा अट्टहास करू नये. ‘बाजार’ला ‘हाट’ म्हटले म्हणून भाषा स्वतःची होत नाही. वाक्याची घडण बदलावी लागते. आम्ही ओळखण्याची साधी खूण ठरवली : मुळातले चार-पाच शब्द त्याच क्रमाने लागोपाठ दिसले, की ते उतरवलेले समजावे. या कागदात तसे कुठेच नाही, भाषेला दोन. शब्द २९, म्हणजे दोन जास्त. आम्ही ते कमी करून पाहिले. ‘काही’ काढला तर सगळेच बाजार रोडावतात. ‘झाल्यास’ काढला तर बाजार बंद झालेलेच ठरतात. तेव्हा या दोन शब्दांना गुण कापायचे नाहीत असे ठरले. ‘काही’, ‘बहुधा’, ‘तर’, ‘पर्यंत’ हे शब्द लहान दिसतात आणि काटछाटीत आधी तेच जातात. अर्थ मात्र त्यांच्यावरच टेकलेला असतो. आटोपशीरपणाला दोन, इमानाला दोन, एकूण साडेनऊ.

आता सांगायला हरकत नाही : दुसरा कागद माझा होता. ‘स्वतःच्या भाषेत’ म्हणजे आपले विचारही थोडे घालायचे, अशी माझी अकरावीपासून समजूत होती. सहाचे अडीच झाले त्याचे वाईट वाटले. पण त्याहून जास्त, गेल्या वर्षीची एक गोष्ट आठवली त्याचे वाटले.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरी येणारा प्रत्येक कागद मी वाचतो आणि त्याचा मतलब आबांना सांगतो. मागच्या वर्षी कर्जाची नोटीस आली. पान भरून मजकूर होता. त्यात एक वाक्य असे होते, की थकबाकी ३१ मार्चपर्यंत भरल्यास व्याजात सवलत मिळेल. मी सुटसुटीत सारांश केला, “आबा, व्याजात सूट दिलीय.” आबांनी तो शेजारच्या काकांनाही सांगितला. दोघे एप्रिलात पैसे घेऊन गेले आणि पुरते व्याज भरून परत आले. आबा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “बाळा, कागदात असंच लिव्हलं हुतं, का तुझ्या मनातलं सांगितलंस?”

‘भरल्यास’ आणि ‘पर्यंत’ हे दोन शब्द मी गाळले होते. सरांच्या वाटणीने तपासले तर आटोपशीरपणाला दोन, भाषेला दोन, इमानाला शून्य.

आता कुठलाही सारांश लिहिला, की मी प्रत्येक वाक्याशी थांबतो आणि आबांचाच प्रश्न स्वतःला विचारतो. मग शब्द मोजतो.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष, कला