दहा कळांची किल्ली

उंच इमारत बांधताना गवंडी भिंतीलगत परांची उभारतात आणि तिच्यावर उभे राहून वरचे काम करतात. काम पुरे झाले की परांची उतरवितात. परंतु तिची लाकडे ज्यांत रोवलेली होती ती भोके एखाद्या भिंतीत तशीच राहून जातात. पुढे पाहणाऱ्यास प्रश्न पडतो की, ही भोके कशासाठी ठेवली असतील? व्हिडिओ गेममध्ये सापडणारे चीट कोड हे पुष्कळदा असेच अवशेष होत. आरंभी ते खेळणाऱ्यांसाठी नव्हे, तर खेळ घडविणाऱ्यांसाठी निर्माण झाले. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध अशा कोडची ही हकीकत आहे.

जपानमधील कोनामी या कंपनीने १९८५ साली ‘ग्रेडियस’ नावाचा खेळ काढला. तो दुकानांतील नाणे टाकून चालणाऱ्या मोठ्या यंत्रावर खेळला जाई. पुढील वर्षी, म्हणजे १९८६ साली, हाच खेळ ‘फॅमिकॉम’ या घरगुती यंत्रासाठी तयार झाला. हे काम काझुहिसा हाशिमोतो यांच्याकडे होते.

ग्रेडियसमध्ये खेळणाऱ्याच्या हाती एक अंतराळयान असते. प्रथम त्याजवळ एक साधी बंदूक असते आणि त्याची गतीही मंद असते. शत्रूंचा नाश केला की काही ठिकाणी लहान कुप्या मिळतात. त्या जमवीत गेले म्हणजे वेग, क्षेपणास्त्र, प्रखर किरण, संरक्षक ढाल अशी सामर्थ्ये एकेक करून घेता येतात. परंतु शत्रूचा एक तडाखा बसून यान नष्ट झाले की मिळविलेले सारे जाते, आणि थोडे मागे येऊन रिकाम्या हातांनी पुन्हा आरंभ करावा लागतो. असे सात टप्पे पार करावयाचे असतात.

खेळणाऱ्यास ही कठीणता गोड वाटे. पण खेळ तयार करणाऱ्यास तीच अडचण होऊन बसली. आज्ञावली लिहिली म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक टप्पा चालवून पाहावा लागतो, चूक आढळली की ती सुधारावी लागते आणि सुधारणा खरोखर झाली की नाही, हे पुन्हा पाहावे लागते. समजा, सहाव्या टप्प्यात एक दोष आहे आणि तेथवर पोहोचण्यास बारा मिनिटे लागतात. दोष नाहीसा होईपर्यंत वीस वेळा तेथे जावे लागले, तर केवळ वाटचालीतच २४० मिनिटे, म्हणजे चार तास खर्च होतील. तेही मध्येच यान नष्ट झाले नाही तर! हाशिमोतो यांना तर हा खेळ स्वतःला शेवटपर्यंत जिंकता येत नव्हता. हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले.

म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक युक्ती योजिली. खेळ क्षणभर थांबवावा आणि पुढील क्रमाने कळा दाबाव्या:

```
↑ ↑ ↓ ↓ ← → ← → B A
```

मग खेळ पुन्हा सुरू केला की यानाला बहुतेक सर्व सामर्थ्ये एकदम प्राप्त होत. आता शत्रूंशी झुंजण्यात वेळ न दवडता पुढील टप्पे पाहता येऊ लागले. हा क्रम वापरणारे आपणच आहोत, तेव्हा तो लक्षात राहण्यास सोपा असावा, एवढाच त्यांचा विचार होता.

यंत्र हा क्रम ओळखते कसे? अशा तपासणीची रीत साधी असते. यंत्राच्या स्मृतीत दहा कळांची यादी असते आणि एक मोजणी ठेवलेली असते. पहिली कळ यादीप्रमाणे दाबली की मोजणी एक होते, दुसरी बरोबर आली की दोन होते. मध्येच चुकीची कळ दाबली गेली की मोजणी शून्यावर येते. मोजणी दहा झाली की दार उघडते. चार दिशा आणि दोन कळा मिळून प्रत्येक वेळी सहा पर्याय असतात. म्हणून दहा कळांचे एकूण ६,०४,६६,१७६ निरनिराळे क्रम होऊ शकतात. त्यांतील नेमका हाच क्रम कोणाकडून सहजगत्या दाबला जाणे जवळजवळ अशक्यच. शिवाय खेळ थांबलेला असताना कळा दाबल्याने यान जागचे हलत नाही, ही आणखी एक सोय.

मग काम संपल्यावर हा क्रम काढून का टाकला नाही? तो काढावयाचा राहून गेला, असे सांगितले जाते. परंतु आठवण झाली असती, तरी शेवटच्या घटकेस तो काढणे धोक्याचेच होते. छापण्यास तयार असलेल्या पुस्तकातून मधलेच एक पान काढले, तर पुढील सर्व पानांचे क्रमांक बदलतात. आणि कोठे ‘पृष्ठ ४० पाहा’ असे लिहिले असेल, तर वाचक भलत्याच पानावर जातो. आज्ञावलीतील एक भाग काढल्यानेही असाच घोटाळा होऊ शकतो. म्हणजे सर्व खेळ आरंभापासून पुन्हा तपासणे आले. त्या काळी खेळ लहानशा चिपमध्ये कायमचा कोरला जाई. विक्रीनंतर त्यातील चूक दुरुस्त करता येत नसे. ज्याने काही बिघडत नाही ते तसेच राहू द्यावे, हेच शहाणपणाचे ठरे.

हे गुपित खेळणाऱ्यांस कळले आणि त्यांस ते फार आवडले. मग कर्त्यांनी ते जाणूनबुजून वापरण्यास आरंभ केला. १९८८ साली अमेरिकेत आलेल्या ‘कॉन्ट्रा’ या खेळात हाच क्रम दाबल्यास तीनऐवजी तीस प्राण मिळत. पुढे ‘ग्रेडियस ३’च्या घरगुती आवृत्तीत तर कर्त्यांनी थट्टाच केली : जुना क्रम जसाच्या तसा दाबणाऱ्याच्या यानाचा आपोआप स्फोट होई!

काही खेळांत यापुढचे साधन राहिले. त्यास डीबग मेनू किंवा डीबग मोड म्हणतात. डीबग म्हणजे दोष शोधून दूर करणे. १९९१ सालच्या ‘सॉनिक द हेजहॉग’ या खेळात गुप्त क्रमाने हवा तो टप्पा थेट निवडता येई. दुसऱ्या एका क्रमाने गुणांच्या जागी सॉनिक त्या टप्प्यात नेमका कोठे आहे त्याचे आकडे दिसू लागत. खेळणाऱ्यास हे आकडे निरुपयोगी. परंतु ‘दोष कोणत्या जागी आहे?’ या प्रश्नाचे उत्तर कर्त्यास त्यांतच मिळे.

तथापि, या साधनांस एक मर्यादा आहे. सर्व सामर्थ्ये घेऊन फिरणाऱ्या कर्त्यास, साध्या बंदुकीने लढणाऱ्या मुलाला तोच टप्पा किती कठीण जाईल, हे कळत नाही. ढालीमुळे जे दोष झाकले जातात, ते ढाल नसतानाच उघडे पडतात. म्हणून कोडच्या साहाय्याने तपासलेला खेळ शेवटी एकदा कोडवाचूनही तपासावा लागतो.

हाशिमोतो २०२० साली निवर्तले. जगाने ज्यास फसवणुकीची युक्ती असे नाव दिले, ती त्यांच्या लेखी कामाच्या वेळी उभारलेली परांची होती.

शब्दार्थ

परांची – बांधकामासाठी उभारलेला लाकडी मचाण.
अवशेष – मागे राहिलेला भाग.
आज्ञावली – यंत्राने करावयाच्या कामांच्या सूचनांची मालिका.
निवर्तणे – मृत्यू पावणे.

स्वाध्याय

१. ग्रेडियस खेळाची कठीणता हाशिमोतो यांना अडचणीची का वाटली?
२. पाचवी कळ चुकल्यास यंत्रातील मोजणीचे काय होईल?
३. पुस्तकाच्या पानाच्या दाखल्यावरून लेखकाला काय सांगावयाचे आहे?
४. कोड वापरून केलेली तपासणी अपुरी का ठरते, ते तुमच्या शब्दांत लिहा.