मोबाईल तापतो, बंद पडतो: दोष सॉफ्टवेअरचा की बॅटरीचा?



मे महिन्यात मोहर्लीच्या एका बैठकीत एक ताई मोबाईल हातात घेऊन म्हणाल्या, "मॅडम, फोटो काढाले गेली की हा आपोआपच बंद होते. चार्जिंगले लावला तर तव्यासारखा तापते." या ताई रोजगार हमीच्या कामावर मेट आहेत. १ जानेवारी २०२३ पासून NMMS अ‍ॅपवर मजुरांची हजेरी फोटोसह लावणं सक्तीचं झालं. ऐन फोटोच्या वेळी फोन बंद पडला तर हजेरी अडकते, आणि हजेरी अडकली की बायांची मजुरी अडकते.

ताई आधी एका दुकानात जाऊन आल्या होत्या. दुकानदाराने "सॉफ्टवेअर मारावं लागेल" म्हणून ३०० रुपये घेतले. फोनमधले गटाच्या नोंदवहीचे फोटो गेले, आणि चौथ्या दिवशी फोन परत तसाच बंद पडला. म्हणून या वेळी आपण हेच शिकू, की दुकानात जाण्याआधी दोष कुठे आहे ते घरी कसं ओळखायचं.

आधी हे समजून घ्या

कॅमेरा चालू असताना फोनचं सगळंच एका वेळी कामाला लागतं. स्क्रीन पूर्ण उजेडात असते, प्रोसेसर फोटो तयार करतो, लोकेशन चालू असतं आणि नेट फोटो पाठवत असतं. त्यामुळे बॅटरीतून एकदम जास्त वीज ओढली जाते. चार्जिंगच्या वेळी उलट होतं, वीज बॅटरीत भरली जाते आणि तेव्हाही उष्णता तयार होते. थोडा कोमट होणं हे नेहमीचंच आहे. हातात धरवत नाही इतका तापला तर मात्र काहीतरी बिघडलं आहे.

त्यात आपलं ऊन. बऱ्याच कंपन्या फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरा असं सांगतात. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे सावलीतसुद्धा फोन मर्यादेच्या बाहेर असतो. फार तापला की फोन स्वतःला वाचवण्यासाठी आधी फ्लॅश किंवा कॅमेरा बंद करतो, तापल्याची सूचना दाखवतो आणि शेवटी बंद होतो. ही काही बिघाडाची खूण नाही. म्हणून तपासणी कधीही उन्हात करू नका. सकाळी ७ च्या सुमारास, सावलीत, कव्हर काढून करा.

पहिली तपासणी: वहीत नोंद

दोन-तीन दिवस फोन बंद पडला की चार गोष्टी लिहा: किती वाजता, किती टक्के चार्जिंग असताना, काय करताना, आणि परत चालू केल्यावर किती टक्के दिसले.

शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे. नुसत्या उष्णतेने बंद पडलेला फोन थंड झाल्यावर चालू होतो आणि टक्के जवळपास तेवढेच दिसतात. बॅटरी थकलेली असेल तर टक्के एकदम खाली येतात, नाहीतर चार्जर लावल्याशिवाय फोन चालूच होत नाही. टाकीत पाणी आहे पण तोटी गाळाने भरली आहे, असं समजा. थोडं थोडं पाणी येतं, पण एकदम बादली भरायला गेलं की धार तुटते. म्हणून अशा फोनवर साधं बोलणं चालतं आणि कॅमेरा उघडला की तो बंद होतो.

ताईंच्या वहीत होतं: सकाळी ८.३०, सावलीत, ४१ टक्के, फोटो काढताना बंद. चालू केल्यावर १२ टक्के. म्हणजे ऊन हे कारण नव्हतं.

दुसरी तपासणी: सेफ मोड

सेफ मोडमध्ये फक्त कंपनीने फोनसोबत दिलेले अ‍ॅप चालतात. आपण नंतर घेतलेले सगळे अ‍ॅप झोपून असतात. पॉवर बटण दाबून धरा. `Power off` दिसलं की त्यावरच बोट दाबून ठेवा. `Safe mode` विचारेल, त्याला होकार द्या. फोन परत चालू झाला की स्क्रीनच्या कोपऱ्यात `Safe mode` लिहिलेलं दिसेल. काही फोनमध्ये ही रीत थोडी वेगळी असते.

आता फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने १० मिनिटं व्हिडिओ काढा. फोन नीट चालला आणि नेहमीच्या मोडमध्ये आल्यावर परत तापू लागला, तर दोष एखाद्या अ‍ॅपचा. सेफ मोडमध्येही बंद पडला, तर बहुतेक दोष आतल्या भागाचा. याला एक अपवाद आहे. त्रास कंपनीचं अपडेट घेतल्यावर लगेच सुरू झाला असेल, तर सेफ मोडमध्येही तो दिसू शकतो, कारण फोनचं मूळ सॉफ्टवेअर तिथे चालूच असतं. नेहमीच्या मोडमध्ये यायला फोन फक्त रिस्टार्ट करा.

ताईंचा फोन सेफ मोडमध्ये चौथ्याच मिनिटाला बंद पडला, आणि तेव्हा तो जेमतेम कोमट होता.

तिसरी तपासणी: बंद फोन चार्जिंगला

फोन पूर्ण बंद करून अर्धा तास चार्जिंगला लावा. बंद फोनमध्ये कोणताही अ‍ॅप चालत नाही, तेव्हा तो फार तापला तर सॉफ्टवेअरला दोष देता येत नाही. मग हात लावून कुठे गरम आहे ते बघा. खाली पिनजवळ गरम असेल तर पिन, केबल किंवा चार्जर. पाठीमागे मधोमध गरम असेल तर बॅटरी. वर कॅमेऱ्याजवळचा भाग बहुतेक फोनमध्ये प्रोसेसरचा असतो. तो फोन चालू असतानाच तापतो, आणि त्यामागे अनेकदा अ‍ॅप असतो. नंतर त्याच फोनला योग्य असा दुसरा चांगला चार्जर लावून हीच तपासणी परत करा.

ताईंचा फोन दोन्ही चार्जरवर मधोमध तापला. तिन्ही तपासण्यांनी बॅटरीकडेच बोट दाखवलं. बॅटरी बदलल्यावर १० मिनिटांचा व्हिडिओ न थांबता निघाला. दुपारच्या उन्हात मात्र तापल्याची सूचना अजूनही कधीकधी येते, कारण बॅटरी बदलली तरी ऊन तेच आहे. आता त्या फोन पिशवीत सावलीत ठेवतात आणि फोटोपुरताच बाहेर काढतात.

दोष अ‍ॅपचा निघाला तर

आमच्याच एका कार्यकर्तीचा फोन न वापरताही तापायचा, पण सेफ मोडमध्ये गार राहायचा. `Settings` मध्ये `Battery` उघडल्यावर मुलाने टाकलेला एक गेम सगळ्यात वर दिसला. तो काढला आणि त्रास थांबला. खर्च शून्य. तुम्हीही आधी असाच एकेक अ‍ॅप काढून बघा. पूर्ण रिसेट हा शेवटचा उपाय आहे, आणि त्याआधी फोटो व नंबर दुसरीकडे जपून ठेवा.

हे मात्र थांबू नका

फोनची पाठ फुगली, स्क्रीन वर उचलली गेली किंवा सपाट जमिनीवर ठेवल्यावर फोन डुलत असेल, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा कोणतीही तपासणी करू नका. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू किंवा टोचू नका. तो तसाच दुरुस्तीच्या दुकानात द्या. बॅटरी आग पकडू शकते.

तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा ओल्या कपड्यात ठेवू नका, आत पाणी धरतं. चार्जिंग काढा, कव्हर काढा आणि पंख्याखाली ठेवा.

दुकानात जाताना वहीतली नोंद सोबत न्या. "फोन बिघडला" असं न सांगता "बंद असतानाही चार्जिंगला मधोमध तापते, सेफ मोडमध्येही बंद पडते" असं सांगा. दर आधी विचारा, आणि बॅटरी बदलली तर जुनी बॅटरी दाखवायला सांगा.