आरोग्य विमा : पाच वर्षं हप्ता भरला, मग पैसा गेला कुठं?



फवारणीच्या सल्ल्याऐवजी आज वेगळा विषय घेतोय. आरोग्य विम्याचं नाव काढलं की तरुण सभासदांकडून एकच प्रश्न हमखास येतो : "मला काय झालंय? वर्षाला सात हजार भरायचे, पाच वर्षांत पस्तीस हजार, आणि दवाखान्याची पायरीही चढलो नाही तर ते पैसे वाया नाही का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आकड्यांतच उत्तर बघू.

*आधी हिशोब*

समजा आपल्या परिसरातली १००० माणसं एकत्र आली. वर्षभरात त्यातल्या ४० जणांना दवाखान्यात भरती व्हावं लागतं आणि सरासरी बिल ५० हजार येतं. एकूण खर्च झाला २० लाख. तो हजार जणांत वाटला तर माणशी २ हजार. कागदपत्रं, पगार, कंपनीचा नफा यासाठी वर ५०० धरा. म्हणजे हप्ता झाला २५०० रुपये. (आकडे समजण्यापुरते आहेत, खरा हप्ता वय आणि विमा रकमेवर ठरतो.)

यातले ४० जण कोण, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. मात्र हजारात साधारण ४० असतील हे बऱ्यापैकी सांगता येतं. विमा उभा आहे तो एवढ्याच गोष्टीवर. तुमचा हप्ता कुठं साठवलेला नसतो, तो त्याच वर्षी त्या ४० जणांच्या बिलात गेलेला असतो. भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो. इथं नंबर लागला नाही तर बरंच.

मग गावातल्या पन्नास घरांनीच पैसे जमवले तर? जमत नाही. पन्नास घरांत एकाच वर्षी दोन मोठी ऑपरेशनं निघाली की डबा रिकामा. माणसं जितकी जास्त, तितका अंदाज पक्का. आणि आजारपण सगळ्यांना एकदम येत नाही (कोरोनासारखं वर्ष सोडून द्या). दुष्काळ मात्र सगळ्या तालुक्याला एकदम गाठतो. त्यामुळे पीक विमा नुसत्या शेतकऱ्यांच्या हप्त्यावर चालत नाही, बराचसा हप्ता सरकारला भरावा लागतो.

*"गरज पडली की घेऊ" म्हटलं तर*

आता त्याच हजार जणांनी ठरवलं, की काही त्रास सुरू झाला तरच विमा घ्यायचा. तेव्हा येतील समजा १०० जण, आणि त्यातले ३० भरती होतील. खर्च १५ लाख, वाटणारे फक्त १००. माणशी १५ हजार झाले. एवढा हप्ता बघून ज्यांचा त्रास किरकोळ आहे ते बाहेर पडतील, पुढच्या वर्षी हप्ता आणखी चढेल. शेवटी ज्यांचं ऑपरेशन ठरलेलंच आहे तेवढेच उरतील आणि हप्ता बिलाएवढाच होईल. मग त्याला विमा कशाला म्हणायचं?

असं होऊ नये म्हणून कंपन्या प्रतीक्षा कालावधी ठेवतात. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजाराचा दावा मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा अशा ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजाराला, म्हणजे शुगर, बीपी, थायरॉईड वगैरेला, जास्तीत जास्त तीन वर्षं. ही तीन वर्षांची मर्यादा विमा नियामकाने २०२४ साली घातली, आधी ती चार वर्षं होती.

तरुणाने विमा लवकर घ्यायचा तो यासाठी. पंचविशीत पॉलिसी घेतली आणि अठ्ठाविशीत शुगर निघाली, तर ती आधीपासूनचा आजार धरली जात नाही. शुगर निघाल्यावर विमा घ्यायला गेलात, तर तीन वर्षं थांबा, जादा हप्ता भरा, किंवा सरळ नकार ऐका. तब्येत ठणठणीत असताना विमा सहज मिळतो, तेव्हाच तो नकोसा वाटतो, ही यातली खरी अडचण.

*पस्तीस हजार वाचवले असते तर?*

एक उदाहरण घेऊ. २६ वर्षांचा पोरगा, संध्याकाळी बाजारातून मोटारसायकलवर परत येताना खडीवर घसरला. मांडीचं हाड मोडलं, रॉड घालावा लागला, बिल १ लाख ८० हजार. अपघाताला वय आणि तब्येत कळत नाही, उलट गाडीवर जास्त फिरतो तो तरुणच.

विमा न घेता त्याने दरवर्षी सात हजार बाजूला टाकले होते असं धरा. अपघात दुसऱ्या वर्षी झाला, तेव्हा हातात १४ हजार. उरले १ लाख ६६ हजार. ते सावकाराकडून ३ रुपये शेकड्याने उचलले तर महिन्याला व्याज ४९८०, वर्षाला जवळपास ६० हजार. नुसत्या एका वर्षाच्या व्याजात आठ वर्षांचे हप्ते निघाले असते, मुद्दल तसंच. पाय बरा होईपर्यंत पेरणीला मजूर लावायचा खर्च वेगळा, तो मात्र आरोग्य विमा देत नाही.

*दावा कुठं अडकतो*

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फॉर्म भरताना. एजंट म्हणतो, "शुगर लिहू नका, हप्ता वाढेल." लिहीत नाही. पुढे भरती होताना डॉक्टर विचारतात, आणि घरचं माणूस खरं सांगून टाकतं, "दोन वर्षांपासून गोळी चालू आहे." ते केसपेपरवर उतरतं, कंपनी केसपेपर मागवते, आणि दावा नामंजूर. चार वर्षांचा हप्ता भरलेला असला तरी. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनीला दावा नाकारता येत नाही, पण तिथेही फसवणूक सिद्ध झाली तर नाकारता येतोच. म्हणून फॉर्म स्वतः वाचा, गोळी चालू असेल तर तसं लिहा, फोटो काढून ठेवा.

दुसरा घोळ खंडाचा. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांत भरता येतो आणि मागची प्रतीक्षा वर्षं टिकतात. पण मधल्या दिवसांत भरती झाली तर पैसे मिळत नाहीत. तीस दिवसही उलटले, तर घड्याळ पहिल्यापासून सुरू. पीक हातात आल्यावर हप्ता भरू म्हणून पुढे ढकलणारे इथंच फसतात, त्यामुळे पॉलिसी घेतानाच सोयाबीनचे पैसे येतात त्या महिन्यात तारीख येईल असं बघा.

"महात्मा फुले योजना आहे की, मग वेगळा विमा कशाला?" असंही विचारलं जातं. योजना चांगली आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, कार्ड नक्की काढा. पण उपचार यादीतला हवा आणि दवाखाना योजनेतला हवा. आपल्या जवळचा कुठला दवाखाना योजनेत आहे हे आजच विचारून फोनमध्ये नंबर ठेवा. तो लांब असेल किंवा एकही नसेल, तर वेगळ्या पॉलिसीचा विचार आधी करा.

ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांनी त्यातलं "प्रतीक्षा कालावधी" असं लिहिलेलं पान आज काढून बघा. इंग्रजीत असेल तर त्याचा फोटो काढून शनिवारी कंपनीच्या कार्यालयात घेऊन या, बसून वाचू.