हितसंबंध लिहा, घरातलं दुखणं नको

पतसंस्थेच्या संचालक मंडळाचं इतिवृत्त ही संस्थेची खासगी वही नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे कुठल्याही सभासदाला कार्यालयात येऊन व्यवस्थापन समितीच्या सभांचं इतिवृत्त विनाशुल्क पाहता येतं आणि फी भरून नक्कलही मागता येते. संस्थेचे दोन हजार सभासद असतील, तर त्या पानाचे दोन हजार संभाव्य वाचक आहेत. माझ्या बहिणीचं दुखणं त्या वाचकांपर्यंत गेलं, तेव्हा हे कलम मला नीट समजलं.

जळगाव जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी संचालक होतो. माझ्या धाकट्या बहिणीचा कर्जाचा अर्ज सभेपुढे आला. "अर्जदार माझी सख्खी बहीण आहे, मी बाहेर बसतो," एवढं बोलून मी उठलो. आत काय बोलणं झालं ते मला कळायचं कारण नव्हतं, आणि तसंच असायला हवं. लिपिकाने मात्र ऐकलं ते सगळं लिहिलं. बहीण नवऱ्याशी न पटल्याने मुलांना घेऊन माहेरी आली आहे, धुळ्याच्या कोर्टात पोटगीचा दावा चालू आहे, शिवणयंत्रं घेऊन ती काम सुरू करणार आहे आणि पहिल्या महिन्यापासून हप्ता भरण्याइतकी कमाई होईल असा तिला विश्वास आहे, हे सगळं विषय क्रमांक सहाखाली, माझ्या नावासकट. पुढच्या सभेत "मागील इतिवृत्त वाचून कायम केले" असा ठराव झाला. वाचलं कोणीच नव्हतं.

पुढे संस्थेची निवडणूक लागली. विरोधी पॅनेलच्या एका सभासदाने वर्षभराच्या इतिवृत्तांची नक्कल काढली. तो त्याचा हक्कच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते पान व्हॉट्सअॅपवर फिरलं, फिरत फिरत बहिणीच्या सासरी पोचलं, आणि तिच्या नवऱ्याच्या वकिलाने ते कोर्टात पुढे केलं: बाईंना स्वतःची कमाई आहे, त्यांच्या भावाची संस्थाच तसं म्हणते.

मी बाहेर गेलो होतो याचा पुरावा त्याच पानावर होता. तो कोणाच्याही कामी आला नाही.

यावर आमच्याकडे लगेच उलटं टोक गाठलं गेलं. दुसऱ्या एका संचालकाच्या मुलाचं कर्ज आलं, तेव्हा लिपिकाने लिहिलं, "श्री. अमुक वैयक्तिक कारणास्तव काही वेळ बाहेर गेले." हे त्याहून वाईट. ते हितसंबंधामुळे उठले की फोन आला म्हणून, ते परत कधी आले, मतदानाला होते की नव्हते, यातलं काहीही त्या वाक्यातून निघत नाही. लेखापरीक्षकाने त्यावर शेरा मारला आणि तो रास्तच होता. रायसोनी पतसंस्था बुडाल्यापासून जळगावचा ठेवीदार संचालकांच्या नात्यागोत्यातल्या कर्जांकडे संशयाने पाहतो. तिथे असली मोघम नोंद म्हणजे आगीत तेल.

मग लिहायचं किती? आता मी ज्या संस्थेचं काम पाहतो, तिथे अशी नोंद होते:

"विषय क्र. ६, कर्ज अर्ज क्र. ४१. अर्जदार आपल्या कुटुंबातील सदस्य असल्याचे संचालक श्री. अमुक यांनी विषय सुरू होण्यापूर्वी सांगितले. चर्चेपूर्वी ते सभागृहाबाहेर गेले. चर्चेत व मतदानात त्यांनी भाग घेतला नाही. उपस्थित ८ पैकी उर्वरित ७ संचालकांनी अर्ज व छाननी टिपण पाहून कर्ज मंजूर केले. सूचक श्री. …, अनुमोदक श्रीमती …. निर्णयानंतर श्री. अमुक सभेत परत आले."

कोणाचा हितसंबंध, कोणत्या प्रकारचा, तो माणूस कधी उठला, कधी परतला आणि निर्णय कोणी घेतला, हे सगळं यात आहे. उरलेल्यांचा आकडा मुद्दाम लिहायचा, कारण गणपूर्ती सातची असेल आणि उठणारे दोघे निघाले, तर उपविधी पाहून तो विषय पुढच्या सभेवर ढकलावा लागेल. आपल्या खानदेशात निम्मं मंडळ एकमेकांचं सोयरं असतं. "आपलाच मानूस शे" म्हणत सगळेच बसून राहतात, आणि नियम काटेकोर पाळायचा म्हटलं तर खुर्च्या ओस पडतात. म्हणून विषयपत्रिका निघतानाच सचिवाने विचारून घ्यावं, कोणाकोणाला उठावं लागणार आहे.

कर्जाचं कारण, आजारपण, कोर्टकज्जा, दुसरीकडची थकबाकी हे सगळं अर्जाच्या फाइलमध्ये आणि छाननी टिपणात राहतं. निर्णय घेणाऱ्यांनी ते वाचायचं असतं, सभासदांना दाखवायच्या वहीत उतरवायचं नसतं. कलम ३२ सभासदाला फक्त त्याच्या स्वतःच्या व्यवहारांचे कागद दाखवतं, शेजाऱ्याची कर्जफाइल नाही. बहिणीची कहाणी फाइलमध्येच राहिली असती, तर निवडणुकीतल्या सभासदाला ती मिळाली नसती.

पण याची एक सीमा आहे, आणि ती अडचणीची वाटली तरी ओळखावी. रक्कम लपवता येत नाही. कलम ७५ प्रमाणे समिती सदस्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिलेली कर्जं, झालेली परतफेड, बाकी आणि थकबाकी यांचं विवरण वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावंच लागतं. कुटुंबातल्या माणसाचं कर्ज आहे हे गुपित ठेवायचा खटाटोप करू नका. झाकायचं ते फक्त त्यामागचं दुःख.

व्यवसायाचा हितसंबंध असेल तर माप वेगळं. संस्थेच्या पावत्या छापायचं काम संचालकाच्या भावाच्या छापखान्याला द्यायचं ठरत असेल, तर "कौटुंबिक संबंध" एवढ्यावर भागणार नाही. छापखान्याचं नाव, संचालकाची त्यात भागीदारी आहे का, दर काय, इतर दरपत्रकं किती आली, हे उघडच लिहायला हवं. शिवाय इथे नुसतं बाहेर जाऊन सुटका होत नाही. संस्थेशी झालेल्या करारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर कलम ७३ कअ खाली समितीवरचं पदच जाऊ शकतं. ठेवी आणि कर्ज मात्र त्या तरतुदीच्या बाहेर आहेत. पुष्कळ संचालकांना उठून जाणं हे दोन्हीकडे सारखंच औषध वाटतं. ते तसं नाही. छापखान्याच्या बाबतीत सभेआधी वकिलाचं मत घ्या.

राहिला प्रश्न चुकीच्या नोंदीचा. इतिवृत्त कायम झाल्यावर पान फाडता येत नाही, ओळ खोडता येत नाही. पुढच्या सभेत दुरुस्तीचा ठराव होतो, पण मूळ मजकूर जागच्या जागी राहतो आणि नक्कल मागणाऱ्याला दोन्ही मिळतात. म्हणजे जे करायचं ते मसुद्यातच. जो संचालक विषयापुरता बाहेर गेला, त्याने चर्चा काय झाली हे विचारू नये, पण आपल्याबद्दलची घोषणा आणि आपल्या घराबद्दलचं वाक्य सचिवाकडून कच्च्या मसुद्यात वाचून घ्यावं. निर्णयाचा शब्द बदला असं म्हणायचा त्याला अधिकार नाही. बहिणीचा दावा खोडा असं म्हणायचा आहे.

आणि सभेच्या टिपणांचा फोटो संचालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. आमच्या संस्थेत आता कर्जविषयांची टिपणं सभेत कागदावर वाटतात आणि सभा संपली की मोजून परत घेतात.