‘औक्षवंत हो’ : एका आशीर्वचनाचे स्पॅनिश रूपांतर

वाढदिवशी औक्षण झाल्यावर वडीलधारी व्यक्ती नमस्कार करणाऱ्या लहानग्यास ‘औक्षवंत हो’ असे म्हणते. ‘औक्ष’ हे ‘आयुष्य’ या शब्दाचेच बोलीतील रूप होय. हे वचन स्पॅनिशमध्ये नेताना नवखा अनुवादक साहजिकच ‘दीर्घ आयुष्य’ या अर्थाच्या ‘लार्गा विदा’ या शब्दांकडे वळतो. व्याकरणदृष्ट्या त्यांत दोष नाही. परंतु हे शब्द राजाच्या वा एखाद्या संस्थेच्या जयघोषात शोभणारे असल्याने घरातील प्रसंगी ते घोषणेसारखे वाटतात. ‘शंभर वर्षे जग’ हे शब्दशः रूपही अडचणीचे ठरते. मराठीतील ‘शतायुषी’ पूर्णायुष्याचा वाचक आहे. स्पॅनिश श्रोत्यास मात्र शंभर ही मोजणी जाणवते, आणि नव्वदीतील व्यक्तीस ती मर्यादाच भासेल.

स्पॅनिशमधील सहज वचन आहे ‘के कुम्प्लास मुचोस मास’, म्हणजे ‘आणखी पुष्कळ पूर्ण करावीस’. काय पूर्ण करावयाचे, हे येथे सांगितलेले नाही. कारण वाढदिवसाचे स्पॅनिश नाव ‘कुम्प्लेआन्योस’ हेच ‘पूर्ण करणे’ आणि ‘वर्षे’ या दोन शब्दांपासून झाले आहे. प्रसंगाच्या नावातच वर्षे आली असल्याने वचनात ती अध्याहृत राहू शकतात. मराठीत आशीर्वाद आज्ञार्थाने व्यक्त होतो. येथे ते कार्य आरंभीचा ‘के’ आणि क्रियापदाचे इच्छादर्शक रूप मिळून करतात. ‘कुम्प्लास’ऐवजी ‘कुम्प्लेस’ लिहिल्यास विधानार्थ येतो आणि इच्छा लोपते. आदरार्थी संबोधनात ‘कुम्प्ला’ हे रूप योजावे लागते.

तथापि या रूपांतरात एक गोष्ट हरवते. ‘औक्षवंत हो’ हे वचन वडिलांकडून धाकट्याकडेच जाते. स्पॅनिश शुभेच्छा नातू आजोबांनाही देऊ शकतो. म्हणून आशीर्वादाचा अधिकार कथेत महत्त्वाचा असेल, तर दुसऱ्या वचनाची जोड द्यावी. व्हेनेझुएला, प्वेर्तो रिको आदी प्रदेशांत मुले वडीलधाऱ्यांकडे ‘बेन्दिस्योन’ असे म्हणून आशीर्वाद मागतात आणि त्यांना ‘दिओस ते बेन्दिगा’, म्हणजे ‘देव तुला आशीर्वाद देवो’, असे उत्तर मिळते. तेथील वाचकासाठी ‘दिओस ते बेन्दिगा, इ के कुम्प्लास मुचोस मास’ असे रूप केल्यास अधिकार आणि आयुष्येच्छा दोन्ही टिकतात.

वाढदिवस नसताना, उदाहरणार्थ प्रवासास निघालेल्या मुलीने नमस्कार केला असता, ‘कुम्प्लास’ निरर्थक ठरते. तेथे ‘दिओस ते बेन्दिगा’ एवढेच ठेवावे. आयुष्याचा उल्लेख गळतो, पण आशीर्वादाची कृती उरते. दोहोंपैकी काय राखावयाचे, याचा निर्णय कोशातील अर्थावरून न करता, कोण कोणास आणि कोणत्या प्रसंगी बोलत आहे, हे पाहूनच करावा लागतो.